दोनची नोंद

डॉक्टर बाहेर आले तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर घड्याळ होतं आणि एकवीस वर्षं पंपघरात काढलेल्या माणसाची नजर आधी काट्यावर जाते, म्हणून त्याने ती वेळ पाहिली. डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि मग त्याची बायको गेल्याचं सांगितलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिने पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि वेळ लिहिली.

"अगं, आता कशाला?" तो म्हणाला.

"वही अर्धी नाही सोडायची, बाबा."

डॉक्टरांनी वही मागून घेतली. दोन पानं मागे गेले, बोट खाली खाली आणलं. "काल दुपारपर्यंत तब्येत ठीक दिसतेय. दोन वाजता ताप नव्याण्णव, नाडी नव्वद, श्वास अठरा. आणि सहाला एकदम एकशे दोन पॉइंट सहा. इन्फेक्शन फार झपाट्याने पसरलं." मग त्याच्याकडे बघून विचारलं, "दुपारी बऱ्या होत्या ना?"

"हो," तो म्हणाला.

एवढंच तो म्हणाला. ते दोनचे आकडे त्याने लिहिलेले होते, आणि त्यातला एकही त्याने मोजलेला नव्हता.

कसं झालं ते सांगायला त्याच्या कामापासून सुरुवात करावी लागेल. गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात तो ऑपरेटर. भिंतीवर चार मीटर, टेबलावर एक मोठं रजिस्टर. दर तासाला उठायचं, पाण्याचा दाब, टाकीची पातळी, मोटरचा करंट आणि व्होल्टेज बघायचं आणि ओळ भरायची. पण पंप नीट चालत असला की काटे दिवस दिवस हलत नाहीत. मग माणूस खुर्चीतून उठत नाही. मागची ओळ बघतो आणि पुढची भरतो. अगदी तेच आकडे लिहिले तर साहेबांना कळेल, म्हणून एखादा आकडा एकाने वर, दुसरा एकाने खाली. याला तिथे 'ओळ ओढणं' म्हणतात. त्याच्या जोडीदाराचा यात असा हात बसला होता की सगळे त्याला मीटरराव म्हणायचे. "मी डोळे मिटून लिहितो, तरी मीटर माझंच ऐकतो," असं तो स्वतःच फुशारकीने सांगायचा. एकवीस वर्षांत ओढलेल्या ओळीने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी तिला घरी सोडलं. सोडताना नर्सने कागद दिला. दिवसातून पाच वेळा मोजायचं, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. ताप शंभराच्या वर, नाडी एकशे दहाच्या वर, श्वास मिनिटाला चोविसाच्या वर, यातलं एक जरी झालं तरी थांबायचं नाही, फोन करायचा. मुलगी रुग्णसेवेचा वर्षभराचा अभ्यासक्रम करत होती आणि त्यात 'घरी घेतलेली काळजी' असा एक प्रकल्प होताच. तिने नवीन वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, ताप, नाडी, श्वास, काय दिसलं, सही.

"झालं," बायको उशीला टेकून म्हणाली होती. "आता मी पेशंट नाही, मी गृहपाठ आहे."

"गृहपाठाने बोलायचं नसतं," मुलगी म्हणाली होती. "थर्मामीटर तोंडात आहे."

"डॉक्टरीणबाई रागावल्या." थर्मामीटरसकट ती हसली होती.

मुलगी साडेदहाला कॉलेजला जायची आणि सव्वातीनला यायची. मधला वेळ शेजारच्या काकू बसायच्या. त्याची पाळी एकला सुटायची, दीडपर्यंत तो घरी. म्हणजे पाच नोंदींतल्या चार मुलीच्या आणि एक, दोनची, त्याची. तिने त्याला दोन वेळा शिकवलं होतं. नाडी मनगटावर, अंगठ्याने नाही, दोन बोटांनी. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मनगट तसंच धरून ठेवायचं, नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही.

"तुम्हाला काय, रोजचंच," ती म्हणाली होती. "मीटर वाचायचा."

आठ दिवस त्याने नीट मोजलं. नवव्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको झोपली होती. आदल्या दोन रात्री तिला दुखण्याने झोप नव्हती. काकू कुजबुजत म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय हो. उठवू नका." काकू गेल्या. तो खुर्चीवर बसला. दोन वाजले. त्याने तिच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं. पांघरूण गळ्यापर्यंत होतं, त्याने असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग वही घेतली, दहाची ओळ पाहिली. नव्याण्णव पॉइंट दोन, ब्याण्णव, अठरा. आणि खाली लिहिलं, नव्याण्णव, नव्वद, अठरा. सही केली. हात सवयीचा होता.

सव्वातीनला मुलगी आली. आईकडे पाहिलं, वही पाहिली. "दोनला ठीक होतं?" तिने विचारलं. "झोपलीय बिचारी," तो म्हणाला. मुलगी स्वयंपाकघरात जेवली, मग पलीकडच्या खोलीत अभ्यासाला बसली. सहाला ती थर्मामीटर घेऊन आत गेली आणि मिनिटभरात तिने अशी हाक मारली की त्याच्या हातातला पेला खाली पडला.

*

कार्य आटोपलं, आले-गेले पाहुणे गेले आणि घरात दोन माणसं उरली. बायकोची खाट त्याने उभी करून भिंतीला लावली, मग दुसऱ्या दिवशी परत आडवी केली, कारण भिंत फार मोकळी दिसायला लागली. मुलगी कॉलेजला जायला लागली. कॉलेजच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की हा प्रकल्प सोडून दे, दुसऱ्या पेशंटचा कर, मुदत वाढवून देते. तिने ऐकलं नाही. नऊ दिवसांची वही, त्यावर दहा पानांचा अहवाल आणि त्यात सगळीकडे 'आई' ऐवजी 'रुग्ण' असं लिहून तिने तोच दिला.

पाच आठवड्यांनी एका दुपारी ती घरी आली आणि एक कागद टेबलावर टाकून मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. त्याने कागद ओढला.

वर पाच मुद्दे होते. निरीक्षण, नोंदी, बदल ओळखून वेळेवर कळवणे, स्वच्छता आणि आराम, रुग्णाशी आणि घरच्यांशी संवाद. प्रत्येक मुद्द्यापुढे चार चौकोन, आणि एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन, चार म्हणजे काय हे प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात छापलेलं. शेवटी दोन रकाने. एकावर 'विद्यार्थिनी', दुसऱ्यावर 'शिक्षक'.

विद्यार्थिनीच्या रकान्यात होतं एक, एक, एक, तीन, एक. बेरीज सात. शिक्षकाच्या रकान्यात तीन, चार, चार, तीन, दोन. बेरीज सोळा.

त्याने ते दोनदा वाचलं. आयुष्यभर त्याने दोन मीटर एकमेकांशी ताडून पाहिले होते. एवढा फरक आला की समजायचं, दोनातला एक बिघडलाय.

मुलगी तोंड पुसत बाहेर आली.

"हे काय गं? तू स्वतःला सात दिलेस?"

"आधी आपण भरायचं असतं. बंद पाकिटात द्यायचं. बाई आपलं न बघता त्यांचं भरतात. मग दोन्ही शेजारी लावतात." ती खुर्चीवर बसली. "मला आज कळलं त्यांनी काय दिलं ते."

"मग चांगलं आहे की. त्यांनी सोळा दिलेत."

"दया आहे ती, बाबा. पोरीची आई मेली, द्या हिला सोळा."

त्याने पुन्हा त्या सोळाकडे पाहिलं.

"बाराच्या खाली नापास. एका जरी मुद्द्यात एक असला तरी नापास. चौदाच्या वर असेल तर वॉर्डात पाठवतात, शिकाऊ म्हणून." तिने कागद आपल्याकडे ओढला. "दोघांच्या आकड्यांत दोनचा फरक पडला की बसून बोलावं लागतं. मग सही करायची. शुक्रवार शेवटचा दिवस. मी करणार नाहीये सही. अभ्यासक्रम सोडते म्हणून अर्ज लिहिलाय."

"तुझ्या आईने तिची शिवणाची मशीन..." तो बोलता बोलता थांबला. मशीन विकून फी भरली होती हे तिला माहीत होतं. ते पुन्हा सांगणं म्हणजे पोरीच्या पाठीवर गोणी ठेवणं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "ज्या माणसाच्या समोर आई मेली आणि कळलं नाही, त्याने वॉर्डात जाऊन दुसऱ्याची आई बघायची?"

ती आत गेल्यावर त्याने कागद उलटला. मागे प्रत्येक आकड्याचं कारण लिहायला जागा होती. तिसऱ्या मुद्द्यापुढे तिने लिहिलं होतं, 'सव्वातीनला घरी आले. रुग्ण झोपलेला होता. वही पाहून समाधान मानलं. स्वतः मोजलं असतं तर पावणेतीन तास वाचले असते.' आणि नोंदी या मुद्द्यापुढे, 'दोनची नोंद मी पडताळली नाही. वही माझी होती.'

हे शेवटचं वाक्य त्याने किती वेळा वाचलं त्याची मोजदाद नाही. चहा ठेवला होता तो उतू जाऊन गॅस विझला तेव्हा तो उठला.

*

शुक्रवारी सकाळी पंपघरात बाईंचा फोन आला. मुलगी बोलायला बसायला तयार नाही, आज दुपारी तुम्ही बरोबर आलात तर कदाचित येईल.

"काय रे, कुणाचा फोन?" मीटररावने विचारलं. "तोंड असं का, मोटर जळाल्यासारखं?"

"पोरीच्या कॉलेजातून. मार्क जास्त पडलेत म्हणून तक्रार आहे."

"कुणाची?"

"पोरीचीच."

मीटरराव जोरात हसला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हसू आवरलं. म्हणाला, "जा तू. तुझ्या दोन तासांच्या ओळी मी ओढतो."

तो दारातच थांबला. "ओढू नको. उठून बघ."

"अरे, काटा काय पळून जातोय?"

"बघ म्हटलं ना."

मुलीला त्याने एवढंच सांगितलं की मी येतोय. ती नको म्हणाली नाही. त्याच दुपारी दोघं बसने गेले. तो खिडकीकडे, ती कडेला, वहीची पिशवी दोघांच्या मध्ये.

बाईंची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात सरावासाठी ठेवलेला प्लास्टिकचा माणूस पांघरूण घेऊन पडलेला. बाई पन्नाशीच्या, आवाज नर्सचा. पंचवीस वर्षं वॉर्डात काढून मग शिकवायला आलेल्या.

"बस," त्या मुलीला म्हणाल्या. "बाबा, तुम्हीही बसा. तो उठणार नाही, घाबरू नका." हे प्लास्टिकच्या माणसाबद्दल होतं. कुणी हसलं नाही. बाईंनी वही, अहवाल आणि तो कागद समोर मांडले. "तू म्हणतेस मी दया दाखवली."

"हो, बाई."

"दया दाखवायची असती तर संवादाला दोन दिले नसते. तुझी वही दुसऱ्या शाखेतल्या सरांनी नाव झाकून तपासलीय, नियमच आहे तसा. त्यांची बेरीज पंधरा. त्यांना तर माहीतही नाही रुग्ण कोण ते." त्यांनी पेन्सिल घेतली. "आता तुझा एक कशावरून ते मला वहीत दाखव. मनात काय वाटतं ते नको. वहीत बोट ठेवायचं."

मुलीने शेवटचं पान उघडलं. "कळवणे. मी एक दिलाय. मी सव्वातीनला घरात होते आणि..."

"चारच्या चौकोनात काय छापलंय ते वाच."

"ठरलेल्या मर्यादेबाहेर आकडा गेल्याचे दिसल्यापासून पंधरा मिनिटांत योग्य जागी कळवले आणि काय कळवले ते लिहून ठेवले."

"सहाची नोंद. फोन किती वाजता?"

"सहा चार."

"काय सांगितलंस ते लिहिलंयस?"

"लिहिलंय."

"आता एकच्या चौकोनात काय आहे?"

"मर्यादेबाहेरचा आकडा दिसूनही कळवले नाही."

"असं झालं?"

"नाही. पण ती मेली, बाई!"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "बाळा, या कागदात पाच मुद्दे आहेत. पेशंट वाचला का हा सहावा मुद्दा नाही. असता तर माझ्या पंचवीस वर्षांत मीच किती वेळा नापास झाले असते. तू कामाला मार्क दिले नाहीस, शेवटाला दिलेस. म्हणून तुझे सगळे एक झाले. स्वच्छता आणि आराम यात मात्र तू तीन दिलेस, मीही तीन. कारण तिथे तू चौकोन वाचलास."

मुलगी खाली बघत होती. तो तिच्या बोटांकडे बघत होता. नखं कुरतडून मांस दिसत होतं. आई असती तर तिने चापट मारली असती.

"निरीक्षण," बाई पुढे गेल्या. "इथे तुझं थोडं खरं आहे. चार मिळायला ठरलेल्या वेळांच्या मध्येही काय दिसलं ते लिहावं लागतं. सव्वातीन ते सहा तुझी एकही ओळ नाही. म्हणून तीन. एक नाही. एक म्हणजे ठरलेल्या वेळाही चुकल्या. तुझी एकही चुकलेली नाही. आता नोंदी. हे बघा बाबा." त्यांनी वही त्याच्याकडे फिरवली. त्याला वाटलं, आता दोनच्या ओळीवर बोट येणार. बोट तिसऱ्या दिवसावर थांबलं. "इथे हिने नाडी चुकून शंभर लिहिली. खोडरबर नाही, गिरवलं नाही. एकच सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला खरा आकडा, तारीख, वेळ, सही. वॉर्डात मोठमोठ्या नर्सना हे सांगावं लागतं. वहीत चूक असणं हा गुन्हा नाही. चूक झाकणं हा आहे. म्हणून चार."

"हं," तो म्हणाला.

मुलगी म्हणाली, "बाई, सगळं दोनच्या नोंदीवर उभं आहे. दोनचा आकडा आत आहे म्हणून मी सहापर्यंत थांबले ते बरोबर. दोनचा आकडा चूक असेल तर?"

"चूक आहे असं म्हणायला तुझ्याकडे काय आधार आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. मुलगी वहीकडे बघत राहिली. त्याच्याकडे तिने मान वळवली नाही, आणि ती मुद्दाम वळवत नाहीये हे त्याला कळलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्याने उघडलंही.

"काही नाही," मुलगी म्हणाली. "आधार काही नाही."

त्याचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं आणि त्यातून भलतंच बाहेर आलं. "बाई, तो शेवटचा दोन. संवादाचा. तो का?"

"घरच्यांना मोजायला शिकवलं की नाही त्याची वहीत नोंद नाही. दोनची नोंद तुमची आहे. तुम्हाला येत होतं की नाही हे मला वहीवरून कळायला हवं. ते अहवालात नाही."

"शिकवलं होतं. दोनदा शिकवलं."

"बसून बोलतानाही पुरावा घेता येतो," बाई म्हणाल्या. "दाखवा करून. हिचेच मोजा."

तो उठला. खुर्ची मुलीजवळ ओढली. तिचं मनगट हातात घेतलं, अंगठा बाजूला ठेवून दोन बोटं लावली. नाडी मोजली. मग मनगट तसंच धरून, काही न सांगता, नजर तिच्या छातीवर आणली. दुसऱ्या हातावरचं घड्याळ थोडं वर धरलं. एक. दोन. तीन. पोरीचा श्वास हळू चालला होता. सेकंदकाटा अर्ध्यावर आला, तो थांबला नाही. मोजता मोजता त्याला ती दुपार दिसत होती. पांघरूण गळ्यापर्यंत. एवढंच तर करायचं होतं. उठवायची गरजही नव्हती, झोपलेल्या माणसाचे श्वास तर जास्त नीट मोजता येतात. पांघरूण जरा खाली करायचं आणि मिनिटभर बघायचं. मिनिट केवढं असतं ते त्याला आत्ता कळत होतं. फार मोठं असतं. त्यात माणसाला काहीही दिसू शकतं.

काटा वर आला. "नाडी श्याऐंशी. श्वास सतरा."

"पूर्ण मिनिट मोजलंत," बाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता. "आणि तिला सांगितलं नाहीत. हे न शिकवता कुणाला येत नाही." त्यांनी दोनवर एक सरळ रेघ मारली, बाजूला तीन लिहिला, तारीख घातली, सही केली. "सतरा. आता तू ठरव. तुझे एक तसेच ठेवायचे असतील तर कारण वहीतून दे. नसेल तर सही कर."

मुलीने पेन घेतलं. बराच वेळ ते कागदावर टेकलं नाही. मग तिने आपल्या रकान्यातले चारही एक एकेक करून वाचले, प्रत्येकावर सरळ रेघ मारली, बाजूला नवे आकडे लिहिले आणि खाली सही केली. कागदाच्या मागे नोंदींपुढे लिहिलेलं वाक्य मात्र तिने खोडलं नाही. बाईंचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याचं गेलं.

*

परत जाताना बसला वेळ होता. थांब्यावर दोघंच होते.

"सतरा होते माझे?" तिने विचारलं.

"हो. सतरा."

"मला वाटलं तुम्ही अठरा म्हणाल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला धरून काही बोलता आलं असतं. बस आली. तिने त्याला खिडकीची जागा दिली.

पुढच्या महिन्यात तिला वॉर्ड मिळाला. पांढरा कोट, खिशात सेकंदकाट्याचं घड्याळ. घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसते आणि थोडं थोडं सांगते. सातव्या खाटेवरच्या आजी हिला सून समजतात आणि भाजीत मीठ कमी म्हणून रागावतात. ती हसते तेव्हा तिच्या आईसारखी दिसते. एक गोष्ट मात्र तो बघतो. घरी कुणी काही म्हटलं, गॅस बंद केला, दार लावलं, तर ती ऐकून घेते, हो म्हणते आणि थोड्या वेळाने जाऊन स्वतः बघून येते.

पंपघरात तो आता दर तासाला उठतो. चारही मीटरसमोर उभा राहतो, काटा जिथे आहे तिथला आकडा लिहितो. "प्रमोशन पाहिजे वाटतं साहेबाला," मीटरराव म्हणतो. पुढे पुढे त्याने म्हणणं सोडलं. एकदा नुसतं विचारलं, "काय झालं रे तुला?" तो म्हणाला, "काही नाही. पाय मोकळे करतो."

वही कॉलेजातून परत आली. ती टेबलाच्या खणात आहे, थर्मामीटरच्या डबीखाली. मुलगी पाळीवर गेली की तो कधी कधी ती काढतो आणि नवव्या दिवसाचं पान उघडतो. काय करायचं ते त्याला ठाऊक आहे, बाईंनी समोर दाखवलं होतं. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. खरा आकडा लिहिता येणार नाही, तो कुणीच मोजला नाही. त्या जागी 'मोजले नाही' एवढंच लिहायचं. तारीख, वेळ, सही. आणि वही तिच्यासमोर ठेवायची.

पेन त्याच खणात आहे. दोनच्या ओळीवर अजून रेघ मारलेली नाही.